ब्रेक-ग्लास अ‍ॅडमिन खातं: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या कंपनीचं सगळं काम मायक्रोसॉफ्ट ३६५ वर चालतं आणि लॉगिन एन्ट्रा आयडीतून होतं. गेल्या वर्षी आम्ही नेहमीच्या खात्यांचं लॉगिन बंद पडलं तर वापरायची, ब्रेक-ग्लास म्हणतात ती दोन आपत्कालीन ग्लोबल अ‍ॅडमिन खाती उभी केली. नंतर सरावात आणि एकदा खऱ्या अडचणीत ती वापरली. हा सेटअप कसा चालला, कुठे अडला आणि आज करायचा असेल तर काय बघाल, ते इथे लिहितोय.

खाती तयार करायला एक दुपार पुरते. दोन्ही फक्त क्लाउडमधली ठेवा आणि त्यांचा पत्ता `onmicrosoft.com` वरच असू द्या. कंपनीचं डोमेन किंवा ऑफिसातली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी बंद पडली तरी ती चालली पाहिजेत. ग्लोबल अ‍ॅडमिनचा रोल कायमचा द्या. रोल गरजेपुरता चालू करून देणारं पिम वापरत असाल तर तिथेही एलिजिबल न ठेवता अ‍ॅक्टिव्हच ठेवा, कारण ऐनवेळी मंजुरी द्यायला दुसरं कोणी लॉगिन करू शकेलच असं नाही.

पासवर्डसोबत दुसरा पुरावा मागणाऱ्या एमएफएबद्दल मात्र जुन्या लेखांवर विसंबू नका. १९ नोव्हेंबर २०१८ ला अ‍ॅझुरचं एमएफए सुमारे चौदा तास कोलमडलं होतं. आपत्कालीन खात्याला एमएफएतून पूर्ण सूट द्यायचा सल्ला त्या काळात सगळीकडे मिळायचा. ऑक्टोबर २०२४ पासून मायक्रोसॉफ्टने अ‍ॅडमिन पोर्टलवर एमएफए टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं आणि त्यातून ही खातीही सुटत नाहीत. म्हणून आम्ही यूएसबीला लावायच्या फिडो२ चाव्या घेतल्या. त्यांना मोबाईलची रेंज लागत नाही, ओटीपी लागत नाही आणि कोणाचा फोन घरी राहिला म्हणून काम अडत नाही. प्रत्येक खात्यावर दोन चाव्या नोंदवल्या आहेत.

कंडिशनल अ‍ॅक्सेसच्या, म्हणजे लॉगिनवर अटी घालणाऱ्या, प्रत्येक पॉलिसीतून ही खाती वगळावी लागतात. त्यासाठी एक वेगळा ग्रुप केला. तो करतानाच रोल देता येण्याजोगा ठेवला, कारण ही खूण नंतर बदलता येत नाही. अशा ग्रुपमध्ये साध्या यूजर अ‍ॅडमिनला सदस्य घालता येत नाहीत. नाहीतर सूट मिळवायची पळवाट तिथेच तयार होते.

साठवणुकीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. बँकेच्या लॉकरचा विचार आधी झाला होता. पण लॉकर रविवारी उघडत नाही आणि अडचण वार बघून येत नाही. शेवटी पहिल्या खात्याच्या चाव्या ऑफिसातल्या अग्निरोधक तिजोरीत आणि दुसऱ्याच्या दुसऱ्या प्लांटवरच्या तिजोरीत ठेवल्या. पाकिटं अशी घेतली की एकदा फाडल्यावर परत चिकटत नाहीत. पाकिटावरचा क्रमांक वहीत लिहितो आणि त्यापुढे दोघांच्या सह्या घेतो. चावी वापरताना टाकायच्या पिनचं पाकीट चावीसोबत नसतं, ते अकाउंट्स प्रमुखांच्या कपाटात असतं. आयटीतला एकटा माणूस दोन्ही गोष्टी हातात घेऊ शकत नाही.

पहिल्या सरावात पिन दोनदा चुकला. तो हाताने लिहिला होता आणि त्यातला १ हा ७ सारखा दिसत होता. आमच्या चाव्यांवर पिन आठ वेळा चुकला की चावी लॉक होते. मग ती रीसेट करावी लागते आणि रीसेट केली की त्यातली नोंदणी पुसली जाते. तेव्हापासून पिन मोठ्या टायपात छापून ठेवतो. सरावाला मुद्दाम असा माणूस बसवतो, ज्याने ती चावी नोंदवलेली नाही.

आता अलर्ट. साइन-इनचे लॉग एन्ट्रातून लॉग अ‍ॅनालिटिक्समध्ये पाठवायला एन्ट्रा आयडी पी१ लायसन्स लागतं. ते आमच्याकडे आधीपासून होतं. नियम इतकाच:

```
SigninLogs
| where UserId in ("object-id-1", "object-id-2")
```

दर पाच मिनिटांनी तपासणी होते आणि एक जरी ओळ सापडली तरी सर्वोच्च तीव्रतेचा अलर्ट जातो. ईमेल पत्त्याऐवजी ऑब्जेक्ट आयडी वापरा, म्हणजे कोणी खात्याचं नाव बदललं तरी नियम चुकत नाही. फसलेला प्रयत्नही याच टेबलात येतो, त्यामुळे वेगळा नियम लागत नाही. अलर्ट फक्त कंपनीच्या मेलवर पाठवणं मला पटत नाही, कारण त्या दिवशी नेमकं तेच मेल उघडत नसतं. आमचा एसएमएस तिघांना जातो आणि त्यातल्या एक संचालक आयटीच्या बाहेरच्या आहेत. लॉग पोहोचायला वेळ लागतो, म्हणून एसएमएस पाच ते दहा मिनिटांनी येतो. हा अलर्ट कोणाला थांबवत नाही, घडलेलं कळवतो.

खरा प्रसंग काही महिन्यांपूर्वी आला. एका सहकाऱ्याने संध्याकाळी, कंपनीची मशीन सांभाळणाऱ्या इन्ट्यूनच्या पॉलिसीत विंडोजची किमान आवृत्ती `10.0.26100` केली, म्हणजे २४एच२. बहुतेक लॅपटॉप अजून २३एच२ वर, म्हणजे `10.0.22631` वर होते. मशीन जसजशी चेक-इन करत गेली तसतशी ती नियमाबाहेर पडली. नियमात बसणाऱ्या मशीनवरूनच लॉगिन, अशी कंडिशनल अ‍ॅक्सेसची अट होती. सकाळपर्यंत आम्ही अ‍ॅडमिनसुद्धा बाहेर होतो.

तिजोरी उघडून दोघांनी मिळून लॉगिन केलं. किमान आवृत्ती लगेच मागे घेता आली असती, पण प्रत्येक मशीन पुन्हा चेक-इन करेपर्यंत थांबावं लागलं असतं. म्हणून आधी कंडिशनल अ‍ॅक्सेसची ती एक पॉलिसी `Report-only` वर टाकली, म्हणजे ती फक्त नोंद करते, कोणाला अडवत नाही. थोड्याच वेळात आमची नेहमीची खाती चालू झाली आणि पुढची दुरुस्ती तिथून केली. तोवर संचालक मॅडमचा फोन आलाच होता: "एसएमएस आलाय, हे तुम्हीच ना?" अलर्टकडून मला हीच अपेक्षा होती.

दुसऱ्या दिवशी आढावा घेतला. त्या खात्याने काय काय बदललं ते असं काढलं:

```
AuditLogs
| where tostring(InitiatedBy.user.id) == "object-id-1"
| project TimeGenerated, OperationName, TargetResources, Result
```

पॉलिसीच्या बदलाखाली आणखी एक ओळ निघाली. प्लांट मॅनेजरांचा फोन आला म्हणून त्याच सेशनमधून त्यांची लॉगिन पद्धत रीसेट करून दिली होती. हेतू चांगला होता, पण ते काम नेहमीच्या खात्यातून दहा मिनिटांनी होण्यासारखं होतं. माझ्या मते आढाव्यात हीच गोष्ट सर्वाधिक काटेकोर बघावी. त्यानंतर नियम लिहिला की या खात्यातून फक्त बाहेर काढलेल्या अ‍ॅडमिनला आत येण्यापुरता बदल करायचा आणि लगेच साइन-आउट व्हायचं. वापरलेला लॅपटॉप उघडून पाहिला तर ब्राउझरमध्ये सेशन जिवंत होतं. त्यामुळे ही आज्ञाही यादीत आली:

```
Revoke-MgUserSignInSession -UserId object-id-1
```

शिवाय पिन बदलतो, पाकीट नव्या क्रमांकाने बंद करतो आणि खात्यावर आपल्या दोन चाव्यांखेरीज तिसरी नोंद नाही ना, हे पाहतो. `Report-only` केलेली पॉलिसी परत चालू झाली की नाही, हे वेगळ्या माणसाने तपासायचं असं ठरलंय.

सराव दर नव्वद दिवसांनी असतो आणि आयटीतलं कोणी नोकरी सोडून गेलं की मधेही घेतो. त्यात फक्त लॉगिन करून थांबत नाही. अलर्टचा नियम अ‍ॅझुरच्या सबस्क्रिप्शनवर बसलेला असतो. बिल थकून ते बंद पडलं, किंवा कोणी लॉग पाठवण्याची सेटिंग काढून टाकली, तर लॉगिन सुरळीत होतं आणि अलर्ट मात्र येतच नाही. म्हणून लॉगिनची वेळ आणि तिघांच्या फोनवर एसएमएस आल्याची वेळ वहीत शेजारी-शेजारी लिहितो. तिसऱ्याच्या रकान्यात वेळ नसेल तर त्या दिवशीचा सराव नापास धरतो.