लेसर की ग्लू?

लक्ष्मीपुरीत दिवसभर उभ्याने भाजी विकणाऱ्या मावशींना व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे पायावर फुगलेल्या नसा, झाल्या आणि त्यामागे मांडीतली कातडीखालची मुख्य नस निकामी झालेली असली, तर लेसर आणि नस चिकटवणारा ग्लू दोन्ही ती आतून बंद करतात. लेसरने नस भाजली जाते, म्हणून तिच्याभोवती बऱ्याच सुया टोचून भुलीचं पाणी भरतात. नंतर आठवडाभर मांडी ओढल्यासारखी दुखते, घट्ट मोजे घालावे लागतात. उन्हाळ्यात ते नकोसे होतात. ग्लूला सुया कमी, मोजे बहुधा नाहीत. पण खर्च जास्त, आणि काहींना काही दिवसांनी नसेवर लाल, खाजरा पट्टा उठतो. चिकटपट्टीनेही अंग खाजत असेल तर मी लेसरच निवडेन. फोम, म्हणजे नसेत टोचायचं फेसाळ औषध, नसेच्या वाकड्यातिकड्या फांद्यांसाठी. त्याचे तपकिरी डाग महिनोन्महिने राहू शकतात. चालणं त्याच दिवशी सुरू करायचं. पोटरी एकाएकी सुजली किंवा धाप लागली, तर तातडीने दवाखाना गाठायचा.