बारा आठवड्यांची ट्रेक-तयारी: अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या उतारावर काय कामी आलं

ट्रेकसाठी बारा आठवडे जिम आणि घर मिळून करायची तयारी, असं कोष्टक नेटवर हवं तेवढं मिळतं. मी त्यातलंच एक घेऊन, थोडं मोडून-जोडून, नोव्हेंबरमध्ये अन्नपूर्णा बेस कॅम्पला जाऊन आले. परत येऊनही आता काही महिने झालेत, त्यातला काही भाग अजून चालू आहे, म्हणून हा अनुभव. पार्श्वभूमी एवढीच: वय 46, बँकेत दिवसभर बसून काम, अधूनमधून सिंहगड. सोबत नवरा, जो नियमित पळतो आणि दहा किलोमीटर सहज धावतो.

बहुतेक कोष्टकं चढ डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. दम लागतो तो चढताना, त्यामुळे धास्तीही चढाचीच. पण या ट्रेकचा नकाशा नीट पाहिला तर वेगळंच दिसतं. बेस कॅम्प सुमारे 4130 मीटरवर. चढताना तिथवर चार-पाच दिवसांत जातो, कारण उंचीची सवय व्हावी लागते. उतरताना मात्र कोणी थांबत नाही. बेस कॅम्पहून निघून त्याच दिवशी बांबू नावाच्या वस्तीवर मुक्काम ही अगदी नेहमीची पद्धत, आणि बांबू आहे साधारण 2310 मीटरवर. म्हणजे एका दिवसात अठराशे मीटर उतार. आतकरवाडीहून सिंहगड साधारण सहाशे मीटर धरला तर तीन सिंहगड सलग उतरायचे. तेही बऱ्याच ठिकाणी दगडी पायऱ्यांवरून, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून चालायचं.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराला धरून ठेवतो, ब्रेक लावतो. या ब्रेकच्या कामात दम फारसा लागत नाही, त्यामुळे त्या वेळी सोपं वाटतं. पण स्नायूच्या तंतूंना बारीक इजा यातच जास्त होते, आणि दुखणं वर येतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सिंहगडावरून उतरल्यावर परवा खुर्चीत बसताना ‘आई गं’ होतं, ते हेच. चांगली गोष्ट अशी, की एकदा असा उतार झेलला की स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला बरेच कमी दुखतात. तयारीतला सगळ्यात मोठा फायदा मला इथे मिळाला, आणि ट्रेडमिल तो देऊ शकत नाही.

ट्रेडमिल वाईट नाही, फक्त ती काय देते ते ओळखून वापरावी. हिशेब सोपा आहे. ताशी 4 किलोमीटर वेग आणि 10 टक्के चढ लावला तर तासाभरात 400 मीटर चढ होतो. मी सुरुवात याहून कमी चढावर केली आणि शेवटी पाठीवर सॅक घेऊन 12 टक्क्यांपर्यंत गेले. वेग ठरवायला घड्याळापेक्षा बोलणं बरं: शेजारच्या मशीनवरच्या बाईशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर श्वास अडकत असेल तर चढ कमी करायचा. आणि पुढचा दांडा धरायचा नाही. दांड्याला लटकून चालणारे जिममध्ये रोज दिसतात. स्क्रीनवर आकडा मोठा दिसतो, पण अर्धं वजन हातांनी पेललेलं असतं. दमाचं काम ट्रेडमिलने चोख केलं. उताराचं मात्र शून्य, कारण पट्टा कितीही तिरका केला तरी आपण खाली उतरतच नाही.

जिममध्ये आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम होते: छातीशी डंबेल धरून स्क्वॉट, एक पाय मागे बाकावर ठेवून केलेले लंजेस, मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी डेडलिफ्ट. ट्रेनरचा भर वजन वाढवण्यावर. ‘‘मॅडम, अजून पाच किलो घ्या, जमेल तुम्हाला,’’ हे पालुपद. मी त्याला एकच बदल करायला लावला: खाली जाताना चार आकडे मोजायचे, वर येताना नेहमीसारखं. वजन लगेच कमी करावं लागलं, त्यावरूनच कळलं की काम वेगळं होतंय. लेग एक्स्टेंशनचं मशीन मी पुढे सोडून दिलं. बसून पाय सरळ करायची वेळ डोंगरात येत नाही.

खरी कमाल घरच्या पंधरा-वीस मिनिटांनी केली, आणि त्याला साधन म्हणजे जिन्याची शेवटची पायरी. पायरीच्या कडेला आडवं उभं राहायचं, एक पाय पायरीवर, दुसरा बाजूला हवेत. आता पायरीवरचा गुडघा हळूहळू वाकवत, चार मोजत, हवेतल्या पायाची टाच लादीला जेमतेम टेकवायची. टेकली न टेकली की परत वर. टाचेवर भार दिला तर व्यायाम वाया. एका पायाने आठ वेळा, मग दुसरा, असे तीन फेरे. समोर आरसा असेल तर गुडघा पाहा: तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. माझा डावा गुडघा सतत आत, अंगठ्याकडे झुकत होता आणि कमरही एका बाजूला कलत होती. हे मांडीपेक्षा नितंबाच्या बाजूचा स्नायू कमजोर असल्याचं लक्षण. कुशीवर झोपून वरचा पाय उचलण्याचा कंटाळवाणा व्यायाम त्यासाठी जोडला आणि महिन्याभरात रेष सुधारली. मग पायरीवर एक लाकडी फळी टाकून उंची वाढवली, मग पाठीवर सॅक आली. याच्याच जोडीला पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण पोटरीतले दोन स्नायू या दोन स्थितींत वेगवेगळं काम करतात.

शनिवार-रविवारी लांब चाल. पहिले आठवडे पावसात गेले. सिंहगडाची पायवाट तेव्हा शेवाळलेली असते आणि रविवारी भज्यांसाठी येणाऱ्यांची रांग असते, त्यामुळे मी आमच्या इमारतीचा जिना धरला. सात मजले, मजल्याला तीन मीटर धरले तर एकवीस मीटर. दहा फेऱ्यांत दोनशे मीटर चढ आणि तेवढाच उतार. वॉचमनकाकांनी पहिल्याच दिवशी हटकलं, ‘‘ताई, लिफ्ट चालू आहे की!’’ वर जिन्याने जाऊन खाली लिफ्टने येणारेही आमच्याकडे आहेत, गुडघे जपायला म्हणून. दुखरे गुडघे असतील तर समजू शकते. पण ट्रेकची तयारी असेल तर त्यांनी कामाचा अर्धा भाग टाकला.

सॅकमध्ये वजनाला पाण्याच्या बाटल्या. लिटरला किलो, हिशेब सरळ. तीन किलोपासून सुरू करून नवव्या-दहाव्या आठवड्यात सात-आठ किलोवर नेलं. ट्रेकवर आमचं मोठं सामान पोर्टरकडे होतं, त्यामुळे त्याहून जास्त उचलायचं कारणच नव्हतं. सुरुवातीला वर पोचल्यावर पाणी ओतून हलकं उतरायचं, पाय तयार झाले की वजनासकट उतरायचं. हा क्रम उलटा करू नका. दर चौथा आठवडा हलका ठेवला, म्हणजे सगळं निम्म्यावर. तो आठवडा आळशीपणाचा वाटतो, पण पाचव्यात पाय ताजे असतात ते त्यामुळेच. शेवटचा मोठा उतार, सॅकसकट सिंहगड, निघायच्या साधारण दहा दिवस आधी उरकला: दुखणं निवळायला वेळ मिळतो आणि त्याने दिलेलं संरक्षण टिकून असतं. बारावा आठवडा नुसतं फिरणं.

दुखणं कुठलं हे ओळखता आलं पाहिजे. दोन्ही मांड्या सारख्या, पसरट दुखत असतील, सकाळी आखडल्या आणि चालल्यावर सैल होत असतील, तर ते स्नायूंचं, चालू ठेवायला हरकत नाही. एकाच गुडघ्यात, वाटीच्या खाली किंवा बाहेरच्या बाजूला बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, प्रत्येक पायरीगणिक वाढत असेल किंवा सूज असेल, तर उतार थांबवून फिजिओथेरपिस्ट गाठायचा.

आता प्रत्यक्षात. झिनूकडून छोमरोंगची चढण आणि पुढचे दिवस, सगळीकडे नवरा माझ्या पुढे. त्याचा दम उत्तमच. गाइड मागून ‘‘बिस्तारै, दिदी, बिस्तारै’’, म्हणजे नेपाळीत ‘हळूहळू’, म्हणत होता, ते मला उद्देशून कमी आणि त्याला ऐकू जावं म्हणून जास्त असावं. बेस कॅम्पहून उतरायचा दिवसही दोघांचा बरा गेला. फरक उघडा पडला दुसऱ्या सकाळी. बांबूहून सिनुवा, तिथून खोऱ्यातल्या पुलापर्यंत दगडी पायऱ्या खाली, आणि पुढे तीनेकशे मीटर उभं छोमरोंग. पायरीवरचे ते घरचे स्टेप-डाउन नवऱ्याने ‘हे काय बायकी’ म्हणून उडवून लावले होते. सिनुवाच्या पायऱ्यांवर तो खेकड्यासारखा आडवा उतरत होता, दर पायरीला पोलवर रेलून. माझ्या मांड्या जड होत्या, पण सरळ उतरत होत्या. दोघांच्या तुलनेवरून नियम काढू नये हे मान्य. तो सपाट रस्त्यावर पळणारा, उतरायची सवय नसलेला, एवढं मात्र खरं. छोमरोंगच्या चढावर तो पुन्हा पुढे गेला!

तयारीच्या मर्यादाही सांगते. विरळ हवेवर या कशाचाच उपयोग नाही. तयार पायांचा माणूस उलट जास्त वेगाने वर जातो आणि डोकेदुखी ओढवून घेतो. 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरच्या आत वाढवणं हा तिथला उपाय. देउरालीहून थेट बेस कॅम्प गाठण्याऐवजी मध्ये मच्छापुछ्रे बेस कॅम्पला, 3700 मीटरवर, आम्ही एक रात्र काढली ती याचसाठी. दुसरं, पायाची बोटं. उतारात ती बुटाच्या टोकाला धडकतात आणि नखं काळी पडतात. बूट अर्धा नंबर मोठे, नखं कापलेली, आणि उतार लागताच घोट्यापाशी नाडी पुन्हा आवळायची, म्हणजे टाच मागे बसून राहते.

पैशाच्या दृष्टीने पाहिलं तर जिमची तीन महिन्यांची फी हा या तयारीतला सगळ्यात महागडा आणि मध्यम उपयोगाचा भाग. पावसाळ्यात ट्रेडमिलची सोय झाली, वजनं हाताशी होती, एवढं तिचं श्रेय. जवळ जिना आणि चढाचा रस्ता असेल तर तिच्यावाचून अडणार नाही. मी ती पुढे चालू ठेवली नाही. पायरीवरचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू आहे, आणि मार्चपासून नवराही करतोय, फळीशिवाय.