एकच एकादशी, चार गोळ्या: मधुमेहाच्या प्रश्नात पर्याय कसा ठरवायचा

मधुमेहाच्या तोंडी औषधांवरचा प्रश्न बहुतेकदा एकाच साच्यातला असतो. रुग्ण मेटफॉर्मिनवर आहे, जोडीला दुसरी गोळी आहे, काहीतरी बिघडलंय. तर ती दुसरी गोळी कोणती? खाली ग्लिमेपिराइड, सिटाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन आणि पायोग्लिटाझोन असे चार पर्याय. दुष्परिणामांची यादी पाठ असूनही इथे गोंधळ होतो, कारण यादीत ‘साखर कमी होणे’ आणि ‘आम्लता वाढणे’ हे नुसते शब्द असतात. ते कुठून आले हे कळलं की पर्याय आपोआप गळतात. म्हणून इथे चारही गोळ्यांना एकाच दिवसातून नेऊन बघू.

खानापूर तालुक्यातल्या एक बाई आहेत असं धरा. वय ६४, क्रिएटिनिन १.२, म्हणजे ईजीएफआर साधारण ५०. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. आज आषाढी एकादशी. सकाळी गोळ्या नेहमीप्रमाणे घेतल्या, पण उपवास कडक. चार घोट पाण्यापलीकडे पोटात काही नाही. संध्याकाळी पाचला मुलगा त्यांना घेऊन कॅज्युअल्टीत येतो. आता फक्त दुसरी गोळी बदलत जाऊ.

पहिली, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. बाईंना दरदरून घाम फुटलाय, बोलणं असंबद्ध आहे, ग्लुकोमीटरवर ४४. असं का झालं ते बीटा पेशीत उतरून बघावं लागतं. एरवी जेवणानंतर ग्लुकोज पेशीत शिरतं, त्यातून एटीपी तयार होतं, ते एटीपी पोटॅशियमचं चॅनेल बंद करतं. चॅनेल बंद झालं की पेशीचा पडदा विध्रुवित होतो, कॅल्शियम आत येतं आणि इन्शुलिन बाहेर पडतं. म्हणजे चॅनेलच्या दाराची कडी ग्लुकोजच्या हातात असते. ग्लिमेपिराइड ज्या वर्गातलं आहे ते सल्फोनिलयुरिया त्याच चॅनेलच्या ‘एसयूआर-१’ या भागाला चिकटून दार परस्पर बंद करतं. ग्लुकोज आहे की नाही, हे ते विचारत नाही. पोट रिकामं, यकृतातला साठा उतरणीला लागलेला, आणि इन्शुलिन मात्र झरतंच आहे.

मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर हा धोका वाढतो. ग्लिबेनक्लामाइडचे चयापचयज सक्रिय असतात आणि मूत्रावाटे जातात, म्हणून वयस्क आणि क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णात ते सगळ्यात वाईट. ग्लिपिझाइडचे निष्क्रिय असतात, म्हणून त्या वर्गातून निवडायचंच झालं तर ते बरं. रुग्ण बीटा ब्लॉकरवर असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र फुटतोच. प्रश्नात ‘फक्त घाम’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ हाच.

उपचारातही एक सापळा आहे. शिरेतून डेक्स्ट्रोज दिलं, बाई शुद्धीवर आल्या, साखर १३० झाली. म्हणून घरी सोडायचं का? नाही. गोळीचा अंमल अजून उरलेला आहे आणि दिलेलं ग्लुकोज स्वतःच आणखी इन्शुलिन सोडवतं. रात्री साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून निदान २४ तास देखरेख. पुन्हा पुन्हा घसरत असेल तर ऑक्ट्रिओटाइड, कारण ते बीटा पेशीतून इन्शुलिन सुटणंच दाबतं. प्रयोगशाळेचे आकडे दिले असतील तर कमी ग्लुकोज, जास्त इन्शुलिन आणि जास्त सी-पेप्टाइड अशी जोडी दिसेल. बाहेरून इन्शुलिन टोचलेलं असतं तर सी-पेप्टाइड कमी आलं असतं. इन्शुलिनोमातही दोन्ही जास्तच असतात. तिथे फरक फक्त रक्तातल्या किंवा लघवीतल्या सल्फोनिलयुरियाच्या तपासणीने कळतो.

आता याच बाईंच्या औषधांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोजही आहे असं समजा. घरच्यांनी साखरपाणी पाजलं, गुळाचा खडा दिला, तरी साखर चढेना. ही औषधं आतड्याच्या आतल्या कडेवरचं अल्फा-ग्लुकोसिडेज अडवतात, त्यात सुक्रेजही आलं. त्यामुळे साखर-गूळ म्हणजे सुक्रोज फुटून ग्लुकोज व्हायला वेळ लागतो. इथे ग्लुकोजची पावडरच द्यायची. ती हाताशी नसेल तर मध चालतो, कारण त्यातलं ग्लुकोज आधीच सुटं असतं. दूधही चालतं, कारण लॅक्टेज वेगळ्या जातीचं एन्झाइम आहे, त्याला ही गोळी अडवत नाही. पोट फुगणं आणि वारा सरणं याच वर्गाची खूण आहे, पण परीक्षेत खरी किंमत या ग्लुकोजच्या मुद्द्याला आहे.

दुसरी गोळी, सिटाग्लिप्टिन १०० मिलिग्रॅम. तोच उपवास, पण बाई संध्याकाळी ठीक आहेत, थोडा अशक्तपणा, साखर ९२. हीसुद्धा इन्शुलिन वाढवणारी गोळी, मग ४४ का नाही? डीपीपी-४ हे एन्झाइम जीएलपी-१ या आतड्यातल्या हार्मोनला काही मिनिटांत मोडतं. गोळी त्या एन्झाइमला थोपवते. एक तर जीएलपी-१ प्रामुख्याने अन्न आतड्यात आल्यावर सुटतं, आणि आज अन्नच आलेलं नाही. दुसरं म्हणजे जीएलपी-१ पेशीतलं सीएएमपी वाढवून इन्शुलिनचा झरा मोठा करतं, पण कडी ग्लुकोजच्याच हातात ठेवतं. ग्लुकोजने दार लावलेलं असेल तरच त्याचा जोर चालतो. सल्फोनिलयुरिया आणि ग्लिप्टिन यांत निवडताना एवढा एक फरक पुरतो, म्हणून ‘दोन्ही इन्शुलिन स्रवण वाढवतात’ या वाक्यावर थांबू नका.

ग्लिप्टिनकडे नेणारी खूण वेगळी असते: वरच्या पोटात पाठीकडे जाणारी कळ आणि वाढलेलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचा दाह, किंवा जोरकस सांधेदुखी, किंवा वयस्क माणसाच्या अंगावर ताणलेले फोड, म्हणजे बुलस पेम्फिगॉइड. हृदय निकामी होऊन भरती व्हायचं प्रमाण वाढल्याचा उल्लेख आला तर सॅक्साग्लिप्टिन आठवा. २०१३ च्या सेव्हर-टीमी ५३ या चाचणीतून ते पुढे आलं. मूत्रपिंड अगदी खालावलेलं असूनही मात्रा बदलायची नाही असं विचारलं तर उत्तर लिनाग्लिप्टिन, कारण ते मुख्यतः पित्तावाटे जातं. सिटाग्लिप्टिन मात्र ईजीएफआर ४५ च्या खाली गेलं की ५० आणि ३० च्या खाली २५ मिलिग्रॅमवर आणावं लागतं.

तिसरी, डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम. इथे प्रश्न सगळ्यात जास्त फसवतो. बाईंनी उपवासाआधी दोन दिवस जेवण कमीच केलं होतं. आज त्यांना उलट्या होतायत, पोट दुखतंय, श्वास खोल आणि भराभर चाललाय. ग्लुकोमीटरवर १७८. घरचे म्हणतात, ‘शुगर तर बरी आहे, पित्तच झालं असेल.’ मग अहवाल येतो: पीएच ७.१४, सोडियम १३४, क्लोराइड ९८, बायकार्बोनेट १०. अॅनायन गॅप काढा: १३४ वजा (९८ अधिक १०), म्हणजे २६. साधारण १२ च्या आसपास असायला हवा तो दुपटीहून जास्त. रक्तात कीटोन वाढलेले.

मूत्रपिंड दिवसाला सुमारे १८० लिटर गाळतं. दर लिटरला एक ग्रॅम ग्लुकोज धरलं तर १८० ग्रॅम. त्यातलं सुमारे ९० टक्के समीपस्थ नलिकेच्या सुरुवातीला एसजीएलटी-२ परत ओढून घेतं. गोळी ते अडवते आणि ग्लुकोज लघवीतून वाहून जातं. रक्तातलं ग्लुकोज उतरल्यावर इन्शुलिन कमी होतं, ग्लुकॅगॉन वाढतं, त्यात उपवासाची भर. चरबी वितळते आणि यकृत कीटोन बनवत सुटतं. एरवी कीटोअॅसिडोसिसमध्ये साखर ४००-५०० चढून धोक्याची घंटा वाजवते. इथे ती साखर लघवीतून निघून जात असल्याने घंटाच वाजत नाही. म्हणून याला युग्लायसेमिक कीटोअॅसिडोसिस म्हणतात, साखर २५० च्या आत असलेलं.

हाच आम्लतेचा चेहरा मेटफॉर्मिनचाही वाटू शकतो, आणि बाई मेटफॉर्मिनवर आहेतच. वेगळं करणारी गोष्ट एकच: प्रश्नात वाढलेलं लॅक्टेट दिलंय की वाढलेले कीटोन. मेटफॉर्मिन मायटोकॉन्ड्रियातला पहिला संकुल दाबतं, यकृत लॅक्टेटपासून ग्लुकोज बनवणं कमी करतं, म्हणून लॅक्टेट साठू शकतं. पण त्यासाठी मूत्रपिंड बरंच बिघडलेलं, यकृत खराब किंवा ऑक्सिजनची कमतरता असं काही लागतं. ईजीएफआर ३० च्या खाली ते देऊच नये हा नियम त्यामुळेच आहे. ईजीएफआर ५० आणि लॅक्टेट नॉर्मल असताना मेटफॉर्मिनवर खूण करू नका.

उपचार विचारला तर: गोळी बंद, सलाईन, इन्शुलिन, आणि डेक्स्ट्रोज सुरुवातीपासूनच. साखर १७८ आहे म्हणून इन्शुलिन रोखून धरणं ही ठरलेली चूक. कीटोन थांबवायला इन्शुलिनच लागतं, डेक्स्ट्रोज ते देता यावं म्हणून चालवायचं. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी डापाग्लिफ्लोझिन निदान तीन दिवस बंद ठेवतात, त्यामागेही हेच कारण आहे.

चौथी, पायोग्लिटाझोन, पटकन संपते. ते पेशीकेंद्रकातल्या पीपीएआर-गॅमावर बसून जनुकांचं काम बदलतं, पूर्ण परिणाम यायला आठवडे जातात. एका दिवसाच्या उपवासाने त्याला काही फरक पडत नाही. त्याची तक्रार वेगळीच: ‘चप्पल घट्ट व्हायला लागली’, वजन वाढलं, जिना चढताना दम लागतो. मूत्रपिंडात मीठ-पाणी थोपतं म्हणून सूज येते, आणि हृदय आधीच कमकुवत असेल तर ते निकामी होतं. बायकांमध्ये हाड मोडण्याचा धोकाही आहे. भारतात जून २०१३ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून ते बंद केलं गेलं आणि पुढच्याच महिन्यात इशारा छापण्याच्या अटीवर परत आलं.

प्रश्न उलटा आला, म्हणजे ‘यांच्यासाठी कोणतं निवडाल’, तर आधी सोबतचा आजार बघा. त्याच बाईंचं हृदय निकामी आहे असं लिहिलं की पायोग्लिटाझोन आणि सॅक्साग्लिप्टिन कटले, आणि डापाग्लिफ्लोझिन वर आलं. २०१९ च्या डापा-एचएफ चाचणीत मधुमेह नसलेल्यांनाही त्याचा फायदा दिसला. फक्त उपवासाच्या आणि उलट्या-जुलाबाच्या दिवशी ते थांबवायला सांगावं लागतं. वारंवार साखर घसरते, वय जास्त आहे, घरी एकट्या राहतात असं असेल तर ग्लिमेपिराइड काढून ग्लिप्टिन.

एक जोडी मात्र नीट लक्षात ठेवा. बाई ग्लिमेपिराइडवर आहेत, त्यात डापाग्लिफ्लोझिन वाढवलं. महिन्याभरात त्या लघवीच्या जागी खाज येते म्हणून लाजत सांगतात. लघवीतल्या साखरेवर कॅन्डिडा वाढलेली असते. कुणीतरी फ्लुकोनॅझोल देतं, आणि काही दिवसांतच साखर ४४ वर घसरून त्या कॅज्युअल्टीत येतात. उत्तर डापाग्लिफ्लोझिन वाटतं, पण नाही: फ्लुकोनॅझोलने सीवायपी२सी९ अडवलं, त्यामुळे ग्लिमेपिराइड रक्तात साचलं. उपवास नसताना ४४ आलं ते त्यामुळे.