२५-५ की ५०-१०? पाठांतराला एक, गणिताला दुसरं

फ्रान्सेस्को सिरिलोची मूळ पोमोडोरो पद्धत म्हणजे २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. तलाठी भरतीसाठी सनावळ्या पाठ करायला ती चांगलीच: कंटाळा यायच्या आत सुट्टी मिळते, मधेच थांबलं तरी धागा तुटत नाही.

काळ-काम-वेगाच्या गणिताचं तसं नाही. मांडणी डोक्यात बसेपर्यंतच बराच वेळ जातो आणि गजर ऐन समीकरणात वाजला की पुन्हा पहिल्यापासून. तिथे ५०-१० घ्या, अन् उठण्याआधी पुढची पायरी वहीत लिहून ठेवा. शेवटी शेवटी साध्या बेरजा चुकू लागल्या तर ४०-१० वर या. मे महिन्यात टिनाच्या खोलीत भरदुपारी ५० मिनिटं टिकत नाहीत. गणित पहाटेच करा. सुट्टीत मोबाईल नको, अंगणात फिरा.