आठ महिन्यांनंतर: १९६४ चं गाणं मागितलं की 'झंकार' का वाजतं?

गाणी ऐकवणाऱ्या ॲपची वर्गणी भरून आठ महिने झाले. आधी निकाल सांगतो. पाचपैकी तीन तारे. पहिल्या महिन्यात एकच दिला असता. आवाजाचा दर्जा, डाउनलोड, बॅटरी यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय, त्यात मी पडत नाही. कंपनीचं नावही घेत नाही, कारण हा आजार एका ॲपचा नाही. हे सगळं फक्त एका दुखण्याबद्दल आहे: जुनं गाणं मागावं आणि त्याचं भलतंच रूप कानावर पडावं. वर्षभराचे पैसे एकरकमी भरलेले असल्यामुळे सूर थोडा चढलेला वाटला तर समजून घ्या.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे गोंधळ नको. 'वो कौन थी?' या १९६४ च्या चित्रपटातलं 'लग जा गले'. संगीत मदन मोहन, आवाज लता मंगेशकर. ॲपमध्ये गाण्याचं नाव टाकलं की मूळ मुद्रण येतं, त्याच्यासोबत दुसऱ्या गायकांनी गायलेलं, गिटारवरचं, 'लोफाय', संथ करून घुमारा चढवलेलं, खाली बीट घातलेलं अशी रांग लागते. चित्र आणि नाव पाहून फरक कळेलच असं नाही. गायकाच्या जागी लता मंगेशकर हे नाव बीट घातलेल्या गाण्यालाही असतं, कारण आवाज खरोखर त्यांचाच असतो.

चुकीचं रूप का वाजतं? ॲपच्या लेखी 'गाणं' अशी वस्तूच नसते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा कोड असतो. त्यात देश, कोड देणारी संस्था, दोन आकडी वर्ष आणि पाच आकडी क्रमांक अशी रचना असते. झंकारचा, म्हणजे नंतर ठेका चढवलेल्या रूपाचा, कोड वेगळा, लाइव्हचा वेगळा, मूळ मुद्रणाचा वेगळा. तुम्ही नाव टाकता तेव्हा त्या नावाशी जुळणारे सगळे कोड समोर येतात आणि वर कोण बसणार हे मुख्यतः अलीकडे काय जास्त ऐकलं गेलं यावर ठरतं. मूळ कोणतं, हा प्रश्न तिथे कोणी विचारतच नाही. आणखी एक गंमत: कोडातलं वर्ष हे कोड दिल्याचं वर्ष असतं, गाणं मुद्रित झाल्याचं नव्हे. ही पद्धतच १९८६ मध्ये आली. त्यामुळे साठच्या दशकातल्या गाण्याच्या कोडात पुढचं वर्ष दिसलं म्हणून ते नकली ठरत नाही.

आता ज्यावर माझा सगळा राग आहे ती गोष्ट: गाण्याखाली दिसणारं वर्ष. ते गाण्याचं नसतं, अल्बमचं असतं. 'सदाबहार ५०' नावाचा संग्रह २०१२ मध्ये ॲपवर चढवला, तर त्यातल्या १९६४ च्या अस्सल मुद्रणाखालीही २०१२ दिसणार. उलट एखाद्या कंपनीने बीट घातलेलं रूप मूळ अल्बमच्या तारखेने चढवलं, तर त्याच्याखाली १९६४ दिसणार. वर्षावरून निवड करणं म्हणजे डब्यावरचं लेबल वाचून लोणचं किती मुरलंय ते सांगणं. आणि हेच वर्ष ॲप सगळ्यात ठळक दाखवतं! यावर तक्रार केली तर 'कॅश साफ करून पुन्हा इन्स्टॉल करा' असं उत्तर येतं. कॅशचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

इथे मला माझं पहिलं मत बदलावं लागलं. आधी वाटत होतं, ॲपवाले मुद्दाम रीमिक्स पुढे ढकलतात. प्रत्यक्षात अल्बमचं नाव, तारीख आणि गाण्याच्या नावामागची `Live`, `Jhankar` अशी शेपटी हे सगळं संगीत कंपनी भरून देते. तिने शेपटी लावली नाही तर ॲपलाही कळत नाही. म्हणून एक तारा परत दिला.

शेपट्या ओळखायला शिका, अर्धं काम तिथेच होतं. `Live` म्हणजे कार्यक्रमातलं, टाळ्यांसकट. लताबाईंच्या १९७४ च्या लंडनमधल्या अल्बर्ट हॉलच्या कार्यक्रमाचे अल्बम आहेत; गायिका तीच, म्हणून गायकाचं नाव पाहून फसायला होतं. `Remastered` म्हणजे तेच गाणं, तीच टेप, फक्त खरखर काढून, चढ-उतार नीट करून आणि बहुधा आवाज मोठा करून दिलेलं. याला घाबरायचं कारण नाही. गाणं बदललेलं नसतं, फार तर कोवळ्या जागा दाबल्यासारख्या वाटतात. `Jhankar` म्हणजे मूळ गाण्यावर नंतर चढवलेला ठेका. `Revival` त्याहून पुढचं: मूळ आवाज ठेवून वाद्यवृंद नव्याने वाजवलेला. ही कॅसेट-सीडीच्या काळातली उपज. तेव्हा स्टीरिओची हौस होती आणि जुनी मुद्रणं मोनो होती, म्हणून हा उद्योग झाला. आपल्याकडे 'रीमिक्स' हा शब्द या सगळ्यांना सरसकट लावतात, आणि शोध बिघडतो तो तिथेच.

शेपटी नसेल तर कान वापरा. एक इअरफोन काढा, दहा सेकंद ऐका, मग बाजू बदला. साठच्या दशकातलं मूळ मुद्रण बहुतेक मोनो असतं, म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत सारखं. डावीकडे व्हायोलिन आणि उजवीकडे बासरी असं रुंद पसरलेलं ऐकू आलं, तर वाद्यं नंतर वाजवली असण्याची शक्यता दाट. झंकार तर पहिल्या अंतऱ्यापर्यंतच पकडता येतो: तबल्याच्या वर ऑक्टोपॅडची सारखी टकटक, गाणं मंद झालं तरी ती मंद होत नाही. या चाचणीला मर्यादा आहे. जुनी मोनो गाणी कधीकधी खोटी स्टीरिओ करून विकली गेली, एका कानात खर्ज आणि दुसऱ्यात तीव्र स्वर ठेवून. ते विद्रूप असलं तरी वाद्यं मूळचीच असतात. आणि सत्तरीनंतरची बरीच गाणी मुळातच स्टीरिओ आहेत, तिथे ही चाचणी चालत नाही.

मग लांबी बघा. 'लग जा गले' साधारण सव्वाचार मिनिटांचं, म्हणजे २५५ सेकंद. तेच गाणं ८५ टक्के वेगाने संथ केलं तर २५५ भागिले ०.८५, म्हणजे बरोबर पाच मिनिटं. अर्धा सूर चढवायला वेग सुमारे सहा टक्के वाढवावा लागतो, मग लांबी चार मिनिटांवर येते. दोन-चार सेकंदांचा फरक मनावर घेऊ नका, तो सुरुवातीच्या-शेवटच्या शांततेचा असतो. पंधरा सेकंदांच्या पुढे फरक गेला की काहीतरी केलंय.

पण लांबी जास्त म्हणजे खोटं, असंही नाही. मूळच दोन असू शकतात. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, म्हणून कित्येक गाणी रेकॉर्डसाठी कापली गेली किंवा दोन बाजूंत विभागली गेली. चित्रपटात एखादा अंतरा जास्त असतो. रेडिओवर ऐकून मोठे झालेल्यांना रेकॉर्डवालं 'खरं' वाटतं, पडद्यावर पाहिलेल्यांना दुसरं. आधी आपल्याला कोणतं हवंय ते ठरवा, नाहीतर सापडलेलंही चुकीचं वाटतं.

आता निवडायचं कसं. गाण्याचं नाव टाकूच नका, चित्रपटाचं टाका. आलेल्या अल्बमपैकी ज्यात फक्त त्याच चित्रपटाची गाणी आहेत तो उघडा. 'नैना बरसे रिमझिम', 'जो हमने दास्ताँ अपनी सुनाई', 'शोख नज़र की बिजलियाँ' अशी भावंडं शेजारी दिसली की बहुधा तुम्ही योग्य घरी आलात. बहुधा म्हणतोय, कारण कधी अख्खा अल्बमच झंकार करून चढवलेला असतो, म्हणून कानाची चाचणी इथेही करा. अल्बमच्या पानाच्या तळाशी ℗ चिन्हाची ओळ असते, ती वाचा. ते ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं वर्ष. वरच्या ठळक वर्षापेक्षा ते जास्त भरवशाचं, तरी संग्रहात तिथेही संग्रहाचंच वर्ष असू शकतं. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी शोधाच्या चौकटीत असं लिहिता येतं:

```
album:"Woh Kaun Thi" artist:"Lata Mangeshkar"
```

तिथे `year:1964` हेही चालतं, पण ते पुन्हा अल्बमच्या तारखेवर चालतं. वर्षाचं रडगाणं मी वर गायलंच आहे.

सापडलं की हृदयावर टिचकी मारून थांबू नका. स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये टाका आणि त्या अल्बमचं नाव कुठेतरी लिहून ठेवा. कारण हक्कांचे करार बदलले की अल्बम काढला जातो. काही सेवा मग त्या जागी तेच समजलं जाणारं दुसरं मुद्रण गुपचूप बसवतात, काही गाणं राखाडी करून सोडतात. राखाडी परवडलं, निदान कळतं तरी. मागच्या तीन महिन्यांत प्लेलिस्टमधली दोन गाणी अशीच बदललेली सापडली. परत मिळालेला तारा इथे पुन्हा जाऊ शकला असता.

डाउनलोड केलेलं सहसा तसंच राहतं, पण ॲप ठरावीक दिवसांनी ऑनलाइन येऊन परवाना तपासतं आणि तेव्हा बदल होऊ शकतो. कसाऱ्याच्या घाटात नेटवर्क गेल्यावर शोधाशोध नको म्हणून गाणी घरीच उतरवत असाल, तर निघण्यापूर्वी एकदा लांबी पाहून घ्या.

स्पीकरला तोंडी हुकूम देणाऱ्यांसाठी: 'ओरिजिनल' हा शब्द वापरू नका. `Original Motion Picture Soundtrack` असं शीर्षक हजारो अल्बमना असतं, स्पीकर त्या शब्दाला तिकडे जोडतो आणि भलतंच लावतो. गाणं, चित्रपट आणि गायक असा क्रम बोललात तर बऱ्याचदा जमतं. सगळ्यात खात्रीचं म्हणजे तपासलेल्या गाण्यांची प्लेलिस्ट करून तिला सोपं इंग्रजी नाव द्यायचं, 'नंबर सेव्हन' वगैरे. मराठी नाव दिलंत तर स्पीकर त्याचा काय अर्थ लावेल याचा नेम नाही.

सीडी असतील तर रद्दीत देऊ नका, पण आंधळा विश्वासही नको. नाशकात मेन रोडला किंवा जत्रेत घेतलेल्या 'सुपरहिट' संग्रहांत झंकार निघण्याची शक्यता ॲपइतकीच. पाठीमागे बारीक अक्षरांत 'रिव्हायव्हल' छापलेलं असतं.

वर्गणी पुढे चालू ठेवणार आहे, पण वर्षाची नाही, महिन्याची. प्लेलिस्टमधलं गाणं बदलल्यावर एक साधी सूचना द्यायला लागले, तर चौथा तारा देतो.