दोन कंपन्या, एक जिनिंग, एक तेल मिल, आणि वीस पैशांचा लाल रंग: इंटरकंपनी मॉड्यूलचा एका सीझनचा अनुभव

अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या रिन्यूअलचं कोटेशन आलं आणि मागच्या वर्षीपेक्षा आकडा वाढलेला दिसला तेव्हाच ठरवलं की आता लिहूनच टाकू. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच भांडण नको. पण ज्यांच्याकडे मदर कंपनी आणि सबसिडियरी अशी जोडी आहे आणि एकमेकींना बिल फाडणं चालू असतं, त्यांना समजेल मी कशाबद्दल बोलतोय. फीचर लिस्ट वेबसाइटवर आहेच, ती इथं टाइप करत बसत नाही.

आमचं थोडक्यात. यवतमाळ जिल्ह्यात जिनिंग-प्रेसिंग आहे, ती मदर कंपनी. चाळीसेक किलोमीटरवर एमआयडीसीत तेल मिल, ती सबसिडियरी, पूर्ण शेअर आपलेच. जिनिंगमधून निघालेली सरकी मिलला जाते, मिल तेल आणि ढेप काढते. सरकीचा कॉस्ट सीएने रुई आणि सरकीच्या विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटून काढलाय आणि त्यावर पाच टक्के मार्कअप लावून बिल जातं. तो मार्कअप मनाला येईल तो लावता येत नाही. ढेप जीएसटीतून माफ असल्यामुळे मिलला खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं पूर्ण इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे 'बिलात लिहिली तीच किंमत खरी' ही जीएसटीच्या नियम २८ मधली सवलत बिनधास्त वापरता येत नाही. म्हणून आमचा सीए अधूनमधून बाजारभावाशी ताळा पाहत राहतो. खाली हिशेब सोपा राहावा म्हणून एकच भाव धरतो: कॉस्ट ३,२०० रुपये क्विंटल, मार्कअप १६०, बिल ३,३६० ने.

पहिले चांगलं सांगतो. जिनिंगमध्ये बिल सेव्ह केलं की मिलच्या पुस्तकात त्याच नंबरचं, त्याच गाडी नंबरचं खरेदी बिल ड्राफ्टमध्ये आपोआप उभं राहतं. आधी आमचे जिनिंगचे दिवाणजी बिलाचा फोटो पाठवायचे, मिलचे दिवाणजी तो बघून पुन्हा टाइप करायचे, आणि रात्री दोघांचं फोनवर 'भाऊ तुमचा नंबर ४१ का ४७?' असं चालायचं. ते सगळं बंद. पहिले दोन महिने मी भेटेल त्याला हेच घ्या म्हणून सांगत होतो.

मग दोन्ही पुस्तकांतली बिलं जुळवून दाखवणारा मॅचिंग रिपोर्ट उघडला आणि डोकं फिरलं.

पूर्ण स्क्रीन लाल. जवळपास प्रत्येक बिलापुढं 'अनमॅच्ड'. एक गाडी घ्या. वजन १५८.३५ क्विंटल, गुणिले ३,३६० म्हणजे ५,३२,०५६. त्यावर ५% जीएसटी २६,६०२.८०. एकूण ५,५८,६५८.८०. जिनिंगच्या बिलात राउंड ऑफ चालू, म्हणून बिल ५,५८,६५९ चं. मिलच्या ड्राफ्टमध्ये राउंड ऑफची ओळ कॉपीच होत नाही, म्हणून तिकडं ५,५८,६५८.८०. फरक वीस पैशे. दुसऱ्या बिलात चाळीस, तिसऱ्यात उलटे दहा. आणि हे येडं सॉफ्टवेअर वीस पैशाच्या फरकाला जो लाल रंग देतं तोच लाल रंग पूर्ण गाडी गायब असली तरी देतं! आता सांगा माणसानं त्यात काय शोधावं.

सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर आलं, असंच डिझाइन आहे. म्हटलं बावा, डिझाइन असेल तर ठीक, पण किती फरकापर्यंत चालवून घ्यायचं ते टाकायला एक खाना तर द्या. तर म्हणे टॉलरन्सची सेटिंग आहे, पण ती वरच्या प्लॅनमध्ये. म्हणजे एक रुपयाच्या आतला फरक माफ करायला वर्षाला हजारो रुपये मोजायचे! मी पुन्हा लिहिलं, तिकीट आपोआप बंद झालं. फोन केला तर पोरगी गोड बोलली, 'सर, फीडबॅक नोंदवला आहे.' नोंदव माय.

शेवटी जुगाड असा केला की मिलच्या बिलांसाठी जिनिंगमध्ये वेगळी सिरीज काढली आणि त्या सिरीजला राउंड ऑफच बंद करून टाकला. आता बिल पैशात जातं. दिवाणजींना ते आवडत नाही, त्यांच्या मते पैशातलं बिल म्हणजे किराणा दुकान. पण नवीन बिलं हिरवी झाली. जुनी लालच राहिली, त्यांचा मिळून फरक किती होता ते पुढं येईलच.

आता मार्च एंड. इथं माझं मत थोडं बदललं, तेही सांगतो.

३१ मार्चला जिनिंगच्या पुस्तकात मिलकडून येणे ३८,४२,६००. मिलच्या पुस्तकात जिनिंगला देणे ३२,४५,०१७.६५. फरक ५,९७,५८२.३५. कन्सॉलिडेशनमध्ये हे येणं-देणं एकमेकांत कापून शून्य व्हायला पाहिजे, कारण बाहेरच्या माणसासाठी दोन्ही मिळून एकच घर आहे, आणि आपणच आपले देणेकरी असं ताळेबंदात दाखवता येत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १२९(३) मुळे एकत्रित पुस्तकं करणं भागच आहे आणि एएस २१ हे हिशेबाचं मानक म्हणतं आपसातलं सगळं पूर्ण कापा. सहा लाखांचा फरक बघून मला वाटलं सॉफ्टवेअरनंच कुठं माती खाल्ली. पण नवीन सिरीज हिरवी झाल्यामुळे जे लाल उरलं होतं ते एकेक उघडून बघता आलं, आणि सगळं सापडलं.

पहिली, एक गाडी. ३१ तारखेला संध्याकाळी जिनिंगच्या काट्यावरून निघाली, १६० क्विंटल, ५,३७,६०० अधिक जीएसटी २६,८८०, एकूण ५,६४,४८०. मिलचा काटा बंद झालेला, गाडी रात्रभर गेटवर, पोहोच १ एप्रिलची. मिलवाल्यांचं म्हणणं बरोबर, माल आला तेव्हा एंट्री. जिनिंगचंही बरोबर. कन्सॉलिडेशनपुरती ही गाडी मिलच्या नावे 'वाटेतला माल' म्हणून घ्यावी लागते आणि मग कापावी लागते. जीएसटीचे २६,८८० मात्र कापायचे नाहीत, ते सरकारला द्यायचे खरे पैसे आहेत.

दुसरं, टीडीएस. वर्षाची खरेदी पन्नास लाखांच्या वर गेली म्हणून मिलनं आयकराच्या कलम १९४क्यू खाली ०.१% कापला. शेवटच्या तिमाहीत ८४ लाखांच्या खरेदीवर ८,४०० कापले आणि जिनिंगच्या खात्यात तेवढं देणं कमी केलं. हे मॉड्यूल बिल इकडून तिकडं नेतं पण टीडीएस तिकडून इकडं आणत नाही. जिनिंगवाले कापलेला कर आयकराच्या २६एएसमध्ये दिसल्यावर एंट्री करतात, आणि चौथ्या तिमाहीचं रिटर्न भरायची मुदतच ३१ मे. म्हणजे दर मार्चला हा फरक राहणारच, हातानं एंट्री करा.

तिसरं, घट. जिनिंगचा काटा आणि मिलचा काटा कधीच एक बोलत नाही. सीझनभरात सात क्विंटल कमी भरली, २३,५२० अधिक जीएसटी १,१७६, म्हणजे २४,६९६. मिलच्या दिवाणजींनी काटापट्ट्या लावून डेबिट नोट टाकली आणि मोकळे झाले. पण जीएसटीत कर कमी करायचा असेल तर क्रेडिट नोट माल विकणाऱ्यानं द्यावी लागते, ती जिनिंगनं दिलीच नव्हती. कारण? जिनिंगचे दिवाणजी म्हणे, 'आमचा काटा बरोबर हाय, मी काऊन देऊ?' घरच्याच दोन कंपन्यांत ही तऱ्हा. शेवटी मालकांनी दोघांना बसवून मिलचा काटा धरायचा असं ठरवलं.

आता बेरीज करा: ५,६४,४८० + ८,४०० + २४,६९६ = ५,९७,५७६. उरले ६ रुपये ३५ पैसे. हेच ते राउंड ऑफचे. ज्याच्यासाठी अर्धा हिवाळा स्क्रीन लाल होती ते सहा रुपये पस्तीस पैसे! सीएनं एका ओळीत किरकोळ खर्चात टाकले आणि पुढं गेला. मला अजून राग आहे.

पण खरं सांगायचं तर यात सॉफ्टवेअरची चूक फारशी नव्हती, आणि एकेक बिल जोडून दिलेलं नसतं तर ही गाडी मला सापडली नसती. म्हणून आधी एक स्टार देणार होतो, तो तीनवर नेला.

चौथा का नाही, तर नफ्याच्या कपातीमुळं. मिलमध्ये ३१ मार्चला आपल्याकडून घेतलेली सरकी १,२५० क्विंटल पडून होती, मिलच्या पुस्तकात ४२ लाखांची. त्यात जिनिंगचा मार्कअप बसलेला आहे, आणि माल घराबाहेर विकला गेला नाही तोवर तो नफा नाहीच, तो स्टॉकमधून आणि नफ्यातून काढायचा. किती? क्विंटलमागे १६० म्हणजे २,००,०००. सॉफ्टवेअर एक टक्का विचारतं. तुम्ही सरळ ५ टाकलं तर ते ४२ लाखांवर ५% लावून २,१०,००० कापतं, दहा हजार जास्त. कारण पाच टक्के कॉस्टवर आहेत आणि स्टॉक बिलाच्या भावाचा आहे, तिथं ५/१०५ लागतं, म्हणजे ४.७६१९ टक्के. आणि खान्यात दशांशानंतर दोनच आकडे बसतात! ४.७६ टाकलं की १,९९,९२० येतं, ऐंशी रुपये कमी. वीस पैशांसाठी लाल होणाऱ्या सॉफ्टवेअरला ऐंशी रुपये चालतात, काय म्हणावं.

त्याहून मोठं भोक म्हणजे हे फक्त 'सरकी' या आयटमचा स्टॉक बघतं. सरकी घाण्यात गेली की त्याच्यासाठी नफा संपला. पण टाक्यात तेल आणि गोदामात ढेप पडून होती, साधारण ४०० क्विंटल सरकीची, तिच्यातही आपलेच ६४,००० बसलेत. शिवाय ती वाटेतली गाडी, १६० क्विंटलचे २५,६००. म्हणजे कपात २,८९,६०० ची पाहिजे आणि मॉड्यूल दोन लाखांवर थांबलं होतं. तपासायला सोपा मार्ग सांगतो: मिलच्या प्रॉडक्शन रजिस्टरवरून पडून असलेल्या तेल-ढेपेला किती सरकी लागली ते काढा, त्यात सरकीचा स्टॉक आणि वाटेतला माल मिळवा आणि क्विंटलचा मार्कअप गुणा. आकडा मॉड्यूलच्या कपातीपेक्षा जास्त आला तर भोक तुमच्याकडंही आहे. आम्ही उरलेली कपात हातानं जर्नलनं टाकली, आणि पुढच्या वर्षी हा माल विकला की तो नफा परत घ्यायचा असतो तो उलटवायची आठवण वहीत लिहून ठेवलीय, कारण हातच्या जर्नलला हे आपोआप उलटवत नाही.

रिन्यूअल केलं, पण खालच्याच प्लॅनवर, आणि तेही घासाघीस करून. टॉलरन्ससाठी एक पैसा देणार नाही. तेल-ढेपेतला नफा स्वतःहून पकडणारं सॉफ्टवेअर जर कोणी वापरत असेल तर कमेंटमध्ये सांगा, फक्त डेमोत बघितलेलं सांगू नका, ३१ मार्चच्या पुस्तकावर चालवलेलं सांगा.