डेटा फुटल्याची नोटीस: वकिलांचा मसुदा की साधा?

आमच्या छोट्या ऑनलाइन दुकानाची बॅकअप फाइल ३ मार्च ते १९ एप्रिल कुणालाही उतरवून घेता येईल अशी उघडी राहिली होती. नावं, पत्ते, मोबाइल नंबर, ऑर्डरी आणि पासवर्डचे हॅश, म्हणजे सांकेतिक रूपात साठवलेले पासवर्ड, सगळं त्यात होतं. ग्राहकांना कळवायला दोन मसुदे तयार झाले: एक वकिलांचा, एक आम्ही ऑफिसात बसून लिहिलेला.

वकिलांचा मसुदा वाईट नव्हता. त्यात चूक कबूल केलेली नव्हती, आणि उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर ते कामाला आलं असतं. किती डेटा गेला हे अजून कळलेलंच नसेल, तर मीही आधी तसंच मोघम दोन ओळींचं पत्र पाठवीन.

पण त्यातलं एक वाक्य मला खुपत राहिलं: ‘गैरवापराचा कोणताही पुरावा अद्याप आढळलेला नाही.’ वाक्य खरं होतं. फक्त आमचे लॉग, म्हणजे फाइल कुणी कधी उतरवली याच्या नोंदी, ३० दिवसांचेच होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस ठेवायला हवेत. म्हणजे पहिल्या १७ दिवसांत फाइल कुणी नेली का, हे बघायची सोयच आमच्याकडे नव्हती. जिथे शोधताच येत नाही, तिथे ‘आढळलं नाही’ म्हणायचं?

आमच्या मसुद्यात त्या जागी असं लिहिलं: ‘३ ते १९ मार्चच्या नोंदी आमच्याकडे नाहीत. तुमची माहिती कुणी नेली आहे असं धरूनच चला.’ वकील नाराज झाले, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच होते.

पुढचा फरक सूचनांचा. त्यांच्याकडे ‘सतर्क राहावे’ एवढंच होतं. आम्ही लिहिलं: हाच पासवर्ड ईमेलला किंवा इतर कुठे वापरत असाल, तर आधी तिथला बदला. तुमचा खरा ऑर्डर नंबर सांगून ‘रिफंड अडकलाय’ असा फोन येईल; ओटीपी देऊ नका, फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. कार्डचे नंबर आमच्याकडे नसतातच, त्यामुळे कार्ड बंद करायची गरज नाही. या पत्रात मुद्दाम लिंक दिलेली नाही, कारण अशा पत्राची नक्कल करून कुणीही खोटी लिंक पाठवू शकतो.

पाठवण्याआधी दोन्ही मसुदे साताऱ्याच्या मावशीला फोनवर वाचून दाखवले. पहिल्यावर ती म्हणाली, “म्हणजे माझे पैसे गेले का रे?” दुसरा ऐकून म्हणाली, “थांब, ईमेलचा पासवर्ड तोच आहे माझा.” एका मावशीवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२५ च्या नियमांतही ग्राहकाने स्वतः काय करावं हे सोप्या भाषेत सांगायला म्हटलंय, हे मी वकिलांना दाखवलं. त्यांनी आमच्या मसुद्यातली दोन विशेषणं तेवढी काढली.